ऐकू येतंय का, हे आधी तपासा
डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे कान: काय करावं, काय टाळावं

"हाक मारली तरी वळून बघत नाही." "अडीच वर्षांचा झाला, अजून बोलत नाही." डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या घरात असं कुणी म्हणालं की लगेच उत्तर येतं: "या मुलांचं सगळं उशिराच होतं." उशीर होतो हे खरं आहे. पण त्यातला किती उशीर डाऊन सिंड्रोमचा आणि किती ऐकू न येण्याचा, हे कान तपासल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. या मुलांपैकी चारात सुमारे तिघांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येते, आणि त्यातल्या बहुतेकांची अडचण उपचारांनी कमी करता येते. म्हणून "डाऊनमुळे बोलत नाही" असं ठरवण्याआधी कानाचा गेल्या सहा महिन्यांतला रिपोर्ट हातात असायला हवा.

आधी एवढं समजून घ्या

कानाच्या पडद्यामागे एक छोटी पोकळी असते. तिच्यात हवा असेल तरच पडदा मोकळा हलतो. ही हवा येते युस्टेशियन नळीतून. या नळीचं एक तोंड पोकळीत असतं आणि दुसरं नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा एक लहान स्नायू नळी क्षणभर उघडतो आणि ताजी हवा आत जाते.

डाऊन सिंड्रोममध्ये ही नळी अरुंद आणि लिबलिबीत असते. बाळाचे हातपाय ज्या कारणाने सैल वाटतात, त्याच कारणाने नळी उघडणारा स्नायूही सैल असतो. चेहऱ्याचा मधला भाग लहान असल्याने नाकामागची जागा मुळात कमी, त्यात तिथली अॅडेनॉइडची गाठ थोडी जरी वाढली तरी नळीचं तोंड दाबलं जातं. सर्दीही वरचेवर होते. आत कोंडलेली हवा शरीर शोषून घेतं, पोकळीत निर्वात तयार होतो आणि तिच्या अस्तरातून पाणी पाझरू लागतं. दिवस जातील तसं ते डिंकासारखं घट्ट होतं.

हे पाणी दुखत नाही, त्याने ताप येत नाही, कान वाहत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त ऐकणं साधारण 25 ते 30 डेसिबलने, कधी 40 डेसिबलपर्यंत, उतरतं. दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून घरातलं बोलणं ऐकून बघा, साधारण तसं. आपल्याला भाषा येते, म्हणून निसटलेले शब्द आपण अंदाजाने भरून काढतो. भाषा शिकणाऱ्या मुलाकडे अंदाजाला आधारच नसतो. "गेला" आणि "गेली" यांतला फरक शेवटच्या एका स्वराचा. "स", "श", "फ" हे आवाज मुळातच हळू. नेमकं हेच आधी हरवतं. शिवाय पाणी कमीजास्त होत राहतं, त्यामुळे तोच शब्द एका आठवड्यात स्पष्ट येतो आणि पुढच्या आठवड्यात पुसट.

काही मुलांमध्ये आतल्या कानाचा किंवा नसेचा दोषही असतो, जन्मापासून किंवा पुढे कधीतरी सुरू झालेला. तो पाण्यासोबतही असू शकतो. म्हणून पाणी सापडलं की शोध संपला, असं होत नाही.

1. तपासणीचं वेळापत्रक

करावं

- जन्मानंतर पहिल्या महिन्यातच कानाची पहिली चाचणी करून घ्या. त्यात बाळ नापास झालं तर तीन महिन्यांच्या आत बेरा या झोपेत केल्या जाणाऱ्या चाचणीने निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा हिशोब ठेवा.
- पहिल्या चाचणीत बाळ पास झालं असलं तरी सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा तपासा.
- एक वर्षापासून दर सहा महिन्यांनी दोन चाचण्या एकत्र करा: किती ऐकू येतं याची एक आणि पडद्यामागे पाणी आहे का याची दुसरी. दोन्ही कानांना नीट ऐकू येतं हे प्रत्येक कानाच्या वेगळ्या चाचणीने सिद्ध होईपर्यंत हा क्रम सोडू नका. बहुतेक मुलांमध्ये त्याला चार वर्षांचं वय उजाडतं. त्यानंतर वर्षातून एकदा, आयुष्यभर. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांचं ऐकणं इतरांपेक्षा लवकर उतरू लागतं.
- कानाची भोकं फार अरुंद असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी ईएनटी डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली मळ काढून घ्या आणि पडदा बघून घ्या. अशा कानात थोडासा मळही रस्ता बंद करतो.
- खर्चाची किंवा अंतराची अडचण असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. ही योजना 2013 साली पालघरमधून सुरू झाली. डाऊन सिंड्रोम आणि बहिरेपण हे दोन्ही तिच्या यादीत आहेत आणि पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवू शकतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे.

टाळावं

- "जन्मल्यावर पास झालाय" या एका कागदावर विसंबू नका. ती चाचणी त्या दिवसापुरती खरी. पाणी बहुधा त्यानंतरच्या महिन्यांत साचतं.
- टाळी किंवा ताटली वाजवून कान तपासू नका. ताटलीचा आवाज एवढा मोठा असतो की 40 डेसिबल कमी ऐकणारं मूलही दचकतं. दार आपटल्यावर वळणाऱ्या मुलाला "श" ऐकू येत असेलच, असं नाही.
- कान दुखण्याची वाट बघू नका. या पाण्याचा स्वभावच गुपचूप राहण्याचा आहे.

2. योग्य चाचणी मागा, रिपोर्ट वाचायला शिका

करावं

- तपासणी झाल्यावर ऑडिओलॉजिस्टना तीन प्रश्न विचारा. पडद्यामागे हवा आहे की पाणी? प्रत्येक कानाला किती ऐकू येतं? अडथळा मधल्या कानात आहे की नसेत?
- पहिल्या प्रश्नाचं उत्तर टिंपॅनोमेट्री देते. कानात मऊ बूच लावून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र आलेखात काढतं. टोकदार डोंगर म्हणजे 'ए' प्रकार, पडदा ठीक हलतोय. डोंगर डाव्या बाजूला सरकला तर 'सी', आत निर्वात आहे. सपाट रेघ म्हणजे 'बी'.
- 'बी' दिसला की शेजारचा कानाच्या आकारमानाचा आकडा विचारा. तो मुलाच्या वयाला साजेसा असेल तर पडद्यामागे पाणी आहे. खूपच कमी असेल तर मळ आडवा आलाय किंवा बूच भिंतीला टेकलंय, चाचणी पुन्हा हवी. खूप जास्त असेल तर पडद्याला भोक आहे किंवा पडद्यात बसवलेली ग्रोमेट नावाची नळी उघडी आहे. एकाच सपाट रेघेचे हे तीन अर्थ आहेत आणि डाऊन सिंड्रोमच्या अरुंद कानांत मधला अर्थ वारंवार निघतो.
- बाळ सहा महिन्यांहून लहान असेल तर टिंपॅनोमेट्री 1000 हर्ट्झच्या स्वरावर झाली का, ते विचारा. नेहमीच्या 226 हर्ट्झवर लहान बाळाचा पाणी भरलेला कानही चांगला दिसू शकतो.
- बेरा करताना आवाज दोन वाटांनी द्यायला सांगा: इअरफोनमधून आणि कानामागच्या हाडावरून. हाडावरून चांगलं ऐकू येतं आणि इअरफोनमधून कमी, असं निघालं तर नस ठीक आहे, अडथळा मधल्या कानात आहे. दोन्हीकडून कमी आलं तर दोष आत आहे आणि उपचारांची वाट वेगळी.

टाळावं

- ओएई ही छोटी चाचणी "नापास, महिन्याने या" म्हणत पुन्हा पुन्हा करत बसू नका. पाणी असलं की ती नापास होणारच, आणि ऐकू किती येतं हे ती सांगत नाही. दुसऱ्यांदा नापास झालं की बेराची तारीख घ्या.
- "पाण्यामुळे नापास झालाय, पाणी गेलं की होईल ठीक" हे निदान म्हणून स्वीकारू नका. नसेचा दोष पाण्याच्या आड अनेक महिने लपून राहू शकतो.
- "दोन्ही कान बरे दिसतात" एवढ्यावर घरी परतू नका. दिसणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

3. चाचणीसाठी मुलाला तयार करा

करावं

- एक-दीड वर्षाच्या मुलाची चाचणी खेळासारखी असते. एका बाजूने आवाज येतो, मूल तिकडे वळलं की दिवा लागून खेळणं नाचतं. त्यासाठी मान सावरून बसता येणं आणि आवाजाकडे वळणं जमायला हवं. घरी मांडीवर बसवून बाजूने खुळखुळा वाजवायचा, वळलं की खेळणं पुढे करायचं, एवढा सराव पुरतो.
- पुढची चाचणी 'आवाज आला की मणी टाक' या पद्धतीची. इतर मुलांना ती अडीच-तीन वर्षांची असताना जमते, आपल्या मुलाला चार-पाच वर्षं लागू शकतात. रोज पाच मिनिटं घरी खेळा: एक डबा, दहा मोठे मणी. मणी कानाजवळ धरून थांबायचं, आवाज आला की डब्यात टाकायचा. आधी मोठी माणसं करून दाखवतात, मग मुलाचा हात धरून, मग ते एकटं. अवघड असतं ते थांबणं. तेच शिकवा.
- बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं. सकाळी लवकर उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका, दूध तिथे पोचल्यावर पाजा. लहान बाळांची बेरा अशा नैसर्गिक झोपेत बहुतेकदा होऊन जाते.
- झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर हृदयाचा दोष, घोरणं, झोपेत श्वास अडखळणं हे सगळं आधी सांगा. या मुलांचा श्वासमार्ग अरुंद असतो. औषध दिल्यावर श्वास आणि ऑक्सिजन यांच्यावर लक्ष ठेवण्याची सोय असेल तिथेच चाचणी करा.

टाळावं

- "मूल सहकार्य करत नाही" असा शेरा घेऊन सहा महिने गप्प बसू नका. हा निकाल नव्हे, चाचणी झालीच नाही एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन आठवड्यांत पुन्हा प्रयत्न करा. तरी जमलं नाही तर बेरा.
- खोलीतल्या स्पीकरवरून झालेली चाचणी दोन्ही कानांची समजू नका. ती फक्त चांगल्या कानाचं सांगते, दुसरा कान तिच्यात झाकला जातो.

4. पाणी सापडलं तर

करावं

- तीन महिने थांबा, पण तारीख ठरवून थांबा. काही वेळा पाणी आपोआप ओसरतं. इतर मुलांपेक्षा डाऊन सिंड्रोममध्ये ते जास्त काळ रेंगाळतं, म्हणून तीन महिन्यांनंतरच्या दोन्ही चाचण्यांची तारीख त्याच दिवशी घेऊन ठेवा.
- दूध पाजताना डोकं छातीपेक्षा वर ठेवा. आडवं पाजलं की दूध नळीच्या तोंडाकडे जाऊ शकतं.
- घरात विडी-सिगारेटचा धूर पूर्ण बंद करा. चुलीच्या, धुपाच्या, उदबत्तीच्या धुरापासूनही मुलाला दूर ठेवा. धुराने नळीच्या तोंडाचं अस्तर सुजतं.
- न्यूमोकोकलची लस वेळेवर द्या. ती सरकारी लसीकरणात मोफत आहे. दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा.

टाळावं

- कानात तेल घालू नका: ना कोमट खोबरेल, ना लसूण घालून कढवलेलं. पाणी पडद्याच्या मागे आहे, तेल पुढे राहतं. ते आत पोचत नाही, उलट मळ फुगवतं आणि अरुंद भोक बंद करतं. नात्यातल्या मोठ्या माणसांनी ते मायेनेच सुचवलेलं असतं. त्यांना आदराने समजवा, पण घालू देऊ नका.
- इअरबड, पिन, काडी यांनी मळ काढू नका. तो आणखी आत सरकतो.
- या पाण्यासाठी अँटिबायोटिक, सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या, नाक मोकळं करणारी औषधं किंवा स्टिरॉइड यांचे कोर्स घेत राहू नका. त्यांनी हे पाणी कायमचं जात नाही. कान ठणकतोय, ताप आहे, पडदा लाल होऊन फुगलाय, तर तो जंतुसंसर्ग. त्याला अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते दुखणं वेगळं.
- "मोठा झाला की जाईल" म्हणून वर्षभर थांबू नका. मोठं होईपर्यंत भाषा शिकण्याची सगळ्यात चांगली वर्षं निघून जातात.

5. तीन महिन्यांनीही पाणी गेलं नाही तर

करावं

- ऐकणं कमीच असेल तर दोन वाटा आहेत. एक ग्रोमेट: पडद्याला बारीक छेद देऊन त्यात नळीसारखा इवला मणी बसवतात. त्यातून हवा आत जाते, पाणी सुकतं. दुसरी वाट श्रवणयंत्राची. कोणती आधी, हे भोकाची रुंदी, भुलीची जोखीम आणि नसेची स्थिती बघून ईएनटी आणि ऑडिओलॉजिस्ट दोघांशी बोलून ठरवा.
- भोक एवढं अरुंद असेल की ग्रोमेट बसत नाही, किंवा कान वरचेवर वाहतो, तर हाडावरून ऐकवणारं यंत्र विचारा. ते मऊ पट्ट्याने डोक्याला बांधतात. आवाज कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात जातो, पाणी वाटेत येतच नाही. लहान मुलांसाठी यात शस्त्रक्रिया लागत नाही.
- भूल देण्याआधी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी स्वतः सांगा. एक, हृदयाचा सगळा इतिहास. दोन, मान. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो आणि कानाच्या शस्त्रक्रियेत डोकं बाजूला वळवावं लागतं. मान जोर देऊन वळवू नये, हे त्यांना माहीत असतंच, तरी सांगा.
- भूल द्यायचीच असेल तर त्याच वेळी कानाची पूर्ण सफाई, आणि राहून गेली असेल तर बेराही होईल का, ते विचारा.
- ग्रोमेट बसल्यावर चार ते सहा आठवड्यांनी ऐकण्याची चाचणी करा. ऐकणं सुधारलं का, हे चाचणीनेच कळतं. तरीही कमी असेल तर नसेचा दोष शोधा.

टाळावं

- ग्रोमेट बसली म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नका. ती बहुधा सहा ते बारा महिन्यांत आपोआप पडते आणि नळी अजून तशीच असते, त्यामुळे पाणी पुन्हा साचू शकतं. या मुलांना ग्रोमेट पुन्हा बसवावी लागते, हे अपयश नाही.
- ग्रोमेट असलेल्या किंवा भोक पडलेल्या कानात घरातले जुने थेंब टाकू नका. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. कान वाहू लागला तर डॉक्टरांनी त्या कानासाठी लिहून दिलेले थेंबच टाका.
- यंत्र "बाहेर जाताना" वापरायची वस्तू करू नका. मूल भाषा शिकतं ते स्वयंपाकघरात, अंघोळीनंतर, झोपताना.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात सॅली शॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणापासून वारंवार तपासणी आणि तत्परतेने उपचार असा क्रम डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर राबवला. 2001 साली त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत जवळजवळ सगळ्या मुलांचं ऐकणं नॉर्मल किंवा त्याच्या जवळ आलं होतं.

6. घरात आणि शाळेत

करावं

- बोलताना मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर या. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करून बोला. अंतर वाढलं की आवाज कमी होतो.
- शब्दासोबत खूण करा: पाणी, जेवण, ये, संपलं. खुणा शिकवल्याने बोलणं मागे पडत नाही. कान पुसट असलेल्या दिवशी तोच आधार असतो.
- रोज सकाळी सहा आवाजांची छोटी परीक्षा घ्या: आ, ऊ, ई, म, श, स. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, तोंड दिसू न देता, साध्या आवाजात एकेक म्हणा. मूल वळलं, हात वर केला किंवा तसंच म्हणालं, तर आवाज पोचला. कालपर्यंत येणारा "श" आज आला नाही आणि चार दिवस तसंच राहिलं, तर तपासणीची तारीख अलीकडे घ्या.
- शाळेत पुढच्या बाकावर, बाईंच्या जवळ, खिडकी आणि दारापासून दूर जागा मागा. "आज कान बंद असू शकतो" हे बाईंना माहीत असू द्या.

टाळावं

- दुसऱ्या खोलीतून हाक मारून "ऐकत नाही, हट्टी आहे" असं ठरवू नका.
- सहा आवाजांची परीक्षा चाचणीच्या जागी वापरू नका. ती फक्त बदल लवकर दाखवते. डेसिबल सांगणं तिचं काम नाही.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

या मुलांच्या फाइलींमध्ये वारंवार दिसणारा क्रम एका मुलीच्या रूपात मांडतो.

जन्मल्यावर ओएई झाली, दोन्ही कान पास. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वर्ष गेलं. कानाची सहा महिन्यांची तपासणी कुणाच्या लक्षात राहिली नाही. चौदाव्या महिन्यात आईच्या लक्षात आलं की ती भांड्याच्या आवाजाला दचकते, पण नावाने वळत नाही. घरचे म्हणाले, उशिरा होईल.

आईने तरी तपासणी करून घेतली. आधी ईएनटींनी मळ काढला. टिंपॅनोमेट्रीत दोन्ही कानांची रेघ सपाट, आकारमान 0.4 मिलिलिटर. म्हणजे मळ किंवा बुचाचा दोष नाही, पाणीच. खेळण्याच्या चाचणीत 45 डेसिबलला वळली. त्याहून हळू आवाजाला नाही. तारीख ठरली तीन महिन्यांनंतरची.

सतराव्या महिन्यात रेघ तशीच. झोपेत बेरा केली: इअरफोनमधून दोन्हीकडे 45, हाडावरून 15. नस उत्तम, सगळा अडथळा पाण्याचा. भोकं इतकी बारीक होती की ग्रोमेट बसवणं अवघड, म्हणून पट्ट्यावरचं हाडाचं यंत्र लावलं. पहिल्या आठवड्यात ती ते ओढून काढायची. आईने आधी जेवणाच्या वेळी, मग खेळताना, असा वेळ वाढवत नेला. तोवर ती "पाणी"ला "पा" म्हणायची. चार महिन्यांनी "पाई" झालं. मागचा हरवलेला भाग तिला आता ऐकू येऊ लागला होता.

अडीच वर्षांची झाल्यावर भोकं थोडी मोठी झाली. ग्रोमेट बसल्या. पाच आठवड्यांनी चाचणी: 20 डेसिबल. यंत्र उतरलं. सव्वातीन वर्षांची असताना ठरलेल्या सहामाही तपासणीत उजव्या कानाची रेघ पुन्हा सपाट निघाली. ग्रोमेट पडली होती आणि मणी टाकायच्या खेळात उजवा कान 35 वर आला होता. ती कसलीच तक्रार करत नव्हती. डावा कान चांगला असल्याने घरात कुणाला फरकही जाणवला नव्हता. तारीख ठरलेली नसती, तर हे पुढच्या वर्षापर्यंत कळलं नसतं.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे कधी?

कानातून रक्त किंवा दुर्गंधी येणारं पाणी आलं, कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकलली गेली, चेहऱ्याची एक बाजू ओढली गेली किंवा मूल एकाएकी तोल जाऊन पडू लागलं, तर थांबू नका. घाणेरड्या वासाचा स्राव औषधानेही थांबत नसेल तर पडद्यामागे हाड कुरतडणारी कातडीची गाठ वाढत असू शकते. ती शस्त्रक्रियेनेच निघते.

फाइलच्या पहिल्या पानावर

शेवटचं एक काम आजच करा. मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक तक्ता आखा: तारीख, उजव्या कानाची रेघ, डाव्या कानाची रेघ, उजवं ऐकणं, डावं ऐकणं, आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचार देणाऱ्या ताई, शाळेतल्या बाई, ज्यांच्याकडे जाल त्यांना आधी हे पान दाखवा. कुणी म्हणालं, "बोलत नाही, डाऊन आहे ना," तर शेवटच्या तपासणीच्या तारखेवर बोट ठेवा. ती सहा महिन्यांहून जुनी असेल, तर मूल का बोलत नाही हे अजून कुणालाच ठाऊक नाही.